चिठ्ठी कोणी उचलली?

"प्रस्तुत संशोधनासाठी सहेतुक यादृच्छिक नमुना निवड पद्धतीने १०० उत्तरदात्यांची निवड करण्यात आली."

समाजकार्याचे मराठीतले लघुप्रबंध तपासताना हे वाक्य किंवा याचं सख्खं भावंड मला वर्षानुवर्षं भेटत आलं आहे. 'संशोधन पद्धती' या प्रकरणात ते ठरलेल्या जागी असतं. ऐकायला भारदस्त वाटतं, पण ते वाचून ती शंभर माणसं नेमकी कशी निवडली हे कळत नाही. दोन वर्षं वस्तीत पायपीट करून, लोकांच्या ओट्यावर बसून माहिती जमवणाऱ्या विद्यार्थ्याचं काम या एका वाक्यापाशी अडतं. पुढे त्याने मांडलेल्या प्रत्येक टक्केवारीवर किती विसंबायचं हे याच परिच्छेदावर ठरतं, आणि नेमका तोच परिच्छेद आधीच्या कुणाच्या तरी प्रबंधातून उतरवलेला असतो.

या वाक्यात दोन शब्द एकमेकांच्या विरुद्ध दिशेला ओढतात. सहेतुक निवडीत कोणाला घ्यायचं हे संशोधक ठरवतो. त्याच्याकडे काही निकष असतात आणि त्यात बसणारी माणसं तो शोधून काढतो. यादृच्छिक निवडीत संशोधक मुद्दाम हात मागे घेतो आणि कोण येणार हे चिठ्ठीवर सोडतो. एकाच निवडीत एकाच वेळी दोघेही निर्णय घेऊ शकत नाहीत. एका टप्प्यावर संशोधकाने आणि दुसऱ्या टप्प्यावर चिठ्ठीने निर्णय घेणं मात्र शक्य आहे, आणि चांगल्या अभ्यासांत बहुधा तसंच घडतं. म्हणून परिच्छेद लिहायला बसलेल्या विद्यार्थ्याला मी आधी एकच गोष्ट सांगतो. प्रत्येक टप्प्यापुढे लिही, इथे कोणी निवडलं, तू की चिठ्ठीने?

'यादृच्छिक' या शब्दानेही थोडा घोटाळा केला आहे. तो 'यदृच्छा'वरून आला. त्यात अनेकांना 'इच्छा' ऐकू येते आणि 'इच्छेला येईल तसा' असा अर्थ ते लावतात. संस्कृतात यदृच्छा म्हणजे योगायोग, आपोआप घडलेलं. गीतेतही न मागता जे मिळालं त्यासाठी हा शब्द येतो. म्हणजे मूळ अर्थ संख्याशास्त्राला जवळचा आहे, त्यात कोणाची इच्छा नाही. पण बोलण्यात आपण 'रँडम' म्हणतो ते 'कुणालाही, कसंही' या अर्थाने. बस स्टँडवर उभं राहून समोर येईल त्याला प्रश्न विचारले की विद्यार्थी लिहितो, 'यादृच्छिक पद्धतीने'. संख्याशास्त्रात मात्र ती सोयीस्कर नमुना निवड ठरते. स्टँडवर कोण येतं, त्यातलं कोण थांबतं आणि आपण कोणाला थांबवायला धजावतो, यातलं काहीच चिठ्ठीने ठरलेलं नसतं. निवड यादृच्छिक म्हणायची तर समग्रातल्या प्रत्येक घटकाला नमुन्यात येण्याची शून्याहून अधिक आणि आपल्याला सांगता येईल अशी संभाव्यता असली पाहिजे. सगळ्यांची संभाव्यता सारखी असावी अशी सक्ती नाही, पण ती किती हे माहीत असावंच लागतं.

'समग्र' हा शब्दही इथेच नीट घेऊ. ज्यांच्याविषयी निष्कर्ष काढायचा त्या सगळ्या घटकांना मिळून समग्र म्हणतात, काही पुस्तकांत 'समष्टी' किंवा 'विश्व'ही लिहितात. त्या जागी 'लोकसंख्या' लिहू नये, कारण वाचकाला ती गावाची जनगणनेतली लोकसंख्या वाटते. समग्र कुटुंबांचं असू शकतं, शाळांचं असू शकतं, एखाद्या कार्यालयातल्या अर्जांचंही असू शकतं.

आता एक उदाहरण धरून चालू. विषय घेऊ बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगारांच्या मुलींची शाळागळती. आकडे मी समजुतीसाठी धरले आहेत, पण अडचणी खऱ्या आहेत. दसरा-दिवाळीनंतर मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे कारखान्यांवर जातात आणि गाळप संपल्यावर परततात. जोडप्याला तिथे 'कोयता' म्हणतात. आई-वडील फडात गेले की घरच्या मुलीचं काय होतं, हा आपला प्रश्न.

बीड जिल्हा निवडला तो संशोधकाने. हंगामी स्थलांतर इथे मोठ्या प्रमाणावर होतं हे माहीत होतं म्हणूनच निवडला. ही सहेतुक निवड, आणि तसं लिहायला काहीच संकोच नको. तालुकाही सहेतुक, कारण विद्यार्थिनीचं क्षेत्रकार्य त्याच तालुक्यात झालं आणि तिथे तिची ओळख होती. हे दुसरं कारण लिहायला मुलं बिचकतात. ते लिहावं. ओळखीमुळे घरात प्रवेश मिळतो, आणि त्याच ओळखीमुळे काही उत्तरं सांभाळून दिली जातात. दोन्ही गोष्टी वाचकाला कळायला हव्यात.

पुढचा टप्पा गावांचा. समजा, तालुक्यात किमान ५० ऊसतोड कुटुंबं असलेली ६० गावं आहेत. त्यांची यादी केली, १ ते ६० क्रमांक दिले आणि चिठ्ठ्या टाकून १२ गावं काढली. प्रत्येक गावाची निवडीची संभाव्यता ६० पैकी १२, म्हणजे १/५. नंतर निवडलेल्या गावांत ११ ते १६ वर्षांची किमान एक मुलगी असलेल्या ऊसतोड कुटुंबांची यादी केली. बारा गावांत मिळून ती १,२०० भरली. प्रत्येक गावातून दहात एक या प्रमाणात कुटुंबं घेतली. ६० कुटुंबांच्या गावातून ६, १८० कुटुंबांच्या गावातून १८, असं करत एकूण १२०. गावात कुटुंबाची संभाव्यता १/१०, गावाची १/५, दोन्ही गुणले की तालुक्यातल्या या ६० गावांतलं कुठलंही पात्र कुटुंब नमुन्यात येण्याची संभाव्यता १/५० होते. हा एवढा गुणाकार परिच्छेदात आला की परीक्षकाला पुढे फारसं विचारायचं उरत नाही.

मोजायला सोपं म्हणून पुष्कळ जण प्रत्येक गावातून सरसकट १० कुटुंबं घेतात. मग ६० घरांच्या गावात संभाव्यता १/६ होते आणि १८० घरांच्या गावात १/१८. लहान गावातल्या घराला मोठ्या गावातल्या घराच्या तिप्पट संधी मिळाली. हे चालतं, पण मग सरासरी किंवा टक्केवारी काढताना मोठ्या गावातल्या प्रत्येक कुटुंबाला तिप्पट भार द्यावा लागतो. भार न देता सगळे १२० एकत्र करून टक्केवारी काढली, तर ती लहान गावांकडे झुकते. लघुप्रबंधाच्या पातळीवर प्रमाणात घेणंच बरं.

वरच्या निवडीला नाव काय द्यायचं? इथे मराठी संज्ञांनी एक खड्डा खणून ठेवला आहे. अनेक पुस्तकांत टप्प्याटप्प्याच्या निवडीला 'बहुस्तरीय' म्हणतात आणि गटवार निवडीला 'स्तरित' किंवा 'स्तरीकृत'. दोन्हींत 'स्तर' आहे, त्यामुळे विद्यार्थी गावांनाच स्तर समजतो आणि 'स्तरीकृत यादृच्छिक नमुना' असं लिहून मोकळा होतो. फरक साधा आहे. सगळ्या गटांतून थोडे थोडे घटक घेतले तर ते गट म्हणजे स्तर. काही गटच निवडले आणि बाकीचे सोडून दिले, तर ते गट म्हणजे गुच्छ किंवा पहिल्या टप्प्याचे घटक. आपण ६० पैकी ४८ गावं सोडून दिली, म्हणून ही टप्पेवार निवड झाली. साठही गावांतून दोन-दोन कुटुंबं घेतली असती, तर गाव हा स्तर ठरला असता. मी विद्यार्थ्यांना 'बहुस्तरीय' टाळून 'दोन टप्प्यांची यादृच्छिक नमुना निवड' असं उघड मराठीत लिहायला सांगतो.

या फरकाचा परिणाम फक्त नावापुरता राहत नाही. एका गावातली कुटुंबं एकमेकांसारखी असतात. आठवीपुढची शाळा गावात असेल तर सगळ्यांनाच जवळ, नसेल तर सगळ्यांनाच लांब. त्यामुळे एकाच गावातलं तिसावं घर नवीन काही फारसं सांगत नाही. तालुकाभरातून साध्या यादृच्छिक पद्धतीने १२० कुटुंबं घेतली असती, तर ९५ टक्के विश्वासपातळीला कोणत्याही टक्केवारीतली त्रुटीची मर्यादा जास्तीत जास्त अधिक-उणे ९ टक्के बिंदू राहिली असती. गावातल्या घरांमधलं साम्य बेताचं धरलं, म्हणजे गुच्छांतर्गत सहसंबंध ०.०५ मानला, तर १२ गावांतून सरासरी दहा-दहा घेतल्यावर ती सुमारे ११ होते. तीच १२० कुटुंबं ४ गावांतून तीस-तीस घेतली, तर सुमारे १४. घरं तेवढीच, मुलाखतींचे तास तेवढेच. फक्त जास्त गावांना जायचं आणि एका गावात कमी थांबायचं. एसटीच्या चार फेऱ्या वाढतात हे खरं, पण मिळणारं उत्तर बरंच घट्ट होतं.

याच कारणाने ३८४ हा आकडा कुठेही चिकटवू नये. मोठ्या समग्रासाठी नमुना ३८४ हवा असं सांगणारे तक्ते प्रबंधांत सर्रास येतात. तो आकडा ९५ टक्के विश्वासपातळी, अधिक-उणे ५ टक्के बिंदू आणि साधी यादृच्छिक निवड या तीन गोष्टी धरून येतो. सहेतुक निवड केली आणि नमुना आकार मात्र या सूत्राने ठरवला, तर ते सूत्र तिथे काहीच करत नाही.

आता चिठ्ठीकडे वळू. भांड्यात चिठ्ठ्या टाकून काढणं शास्त्रशुद्ध आहे, फक्त त्या सारख्या कागदाच्या, सारख्या घडीच्या आणि नीट कालवलेल्या हव्यात. बहुतेक जण आता संगणकाच्या तक्त्यात यादीशेजारी `=RAND()` हे सूत्र भरतात आणि त्या रकान्यानुसार यादी लावून वरची हवी तितकी नावं घेतात. यात एक अडचण आहे. तक्त्यात काहीही बदललं की ते अंक पुन्हा नव्याने पडतात आणि आपण कोणती चिठ्ठी काढली होती याचा पुरावाच उरत नाही. म्हणून अंक पडले की लगेच ते स्थिर मूल्यं म्हणून जतन करायचे आणि ती फाईल परिशिष्टासाठी ठेवायची. संख्याशास्त्रासाठी वापरली जाणारी आर ही संगणकभाषा येत असेल तर आणखी सोपं. १८० कुटुंबांतून १८ निवडायची तर दोन ओळी पुरतात:

```
set.seed(417)
sample(1:180, 18)
```

पहिल्या ओळीतला अंक हे चिठ्ठ्या कालवण्याचं सुरुवातीचं स्थान. तो अंक आणि आरची आवृत्ती लिहून ठेवली की कुणीही त्या ओळी पुन्हा चालवून तीच अठरा घरं काढू शकतो. मनासारखी घरं येईपर्यंत अंक बदलत राहिलं तर मात्र ती निवड पुन्हा सहेतुकच झाली.

कागदावर सगळं नीट जमतं आणि गावात पोचल्यावर बिघडतं ते दोन ठिकाणी.

पहिलं ठिकाण यादीचं. जिच्यातून चिठ्ठी काढायची त्या यादीला नमुना सूची म्हणतात, काही जण 'नमुना चौकट'ही म्हणतात. ऊसतोड कामगारांची नोंदणी ग्रामपंचायतीकडे असते, पण सगळ्यांनी नोंदणी केलेली नसते. गावापासून दूर असलेला तांडा किंवा वस्ती गावाच्या यादीत अर्धवटच येते. यादीत नाव नाही त्या कुटुंबाची संभाव्यता शून्य, आणि ते कुटुंब बहुधा जास्त अडचणीतलंच असतं. हे ओळखायचा माझ्या माहितीतला सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे यादी हातात घेऊन एक तांडा पायी फिरणं. दारोदार विचारलेल्या वीस ऊसतोड घरांपैकी पाच यादीत नसतील, तर यादी आधी दुरुस्त करायची. अंगणवाडी सेविका आणि आशाताई या कामात फार मोलाच्या ठरतात, कारण घराघरातली मुलं त्यांना माहीत असतात. एवढं करूनही यादी अपुरी राहिली तर तसं लिहायचं. याला आच्छादनाची त्रुटी म्हणतात.

दुसरं ठिकाण बंद दाराचं. विद्यार्थ्यांचं क्षेत्रकार्य पुष्कळदा डिसेंबर-जानेवारीत असतं आणि नेमकी तेव्हा ही घरं कुलूपबंद असतात. चिठ्ठीत आलेलं घर बंद दिसलं की शेजारच्या उघड्या घरात जाऊन मुलाखत घेण्याचा मोह होतो, आणि बहुतेक जण तेच करतात. पण उघडं घर उघडं का आहे याचा विचार करा. तिथे आजी-आजोबा मागे राहिले असतील, म्हणून मुलगी गावातच राहून शाळेत जात असेल. जिच्या घरी सांभाळणारं कोणी नाही ती आई-वडिलांबरोबर कोपीवर गेली. म्हणजे शेजारचं घर घेताना आपण शाळेत टिकलेल्या मुलीच गोळा करत जातो आणि गळती खऱ्याहून कमी दिसते. अशा एकाच दिशेने होणाऱ्या चुकीला संख्याशास्त्रात अभिनती म्हणतात. अनेक प्रबंधांत तिथे 'पूर्वग्रह' असं येतं. पूर्वग्रह माणसाच्या मनात असतो, अभिनती मात्र स्वच्छ मनाच्या संशोधकाच्या आकड्यांतही शिरते. नमुना त्रुटी याहून वेगळी. सगळं नियमाने केलं तरी वेगळ्या चिठ्ठ्या निघाल्या असत्या तर उत्तर थोडं वेगळं आलं असतं, तो फरक म्हणजे नमुना त्रुटी. नमुना वाढवला की ती कमी होते. अभिनती नमुना वाढवून जात नाही, चारशे उघडी घरं घेतली तरी तीच राहते.

उपाय एकच, मुलाखतींचा काळ बदलायचा. या विषयासाठी लोक परतल्यावर, जून ते ऑगस्टमध्ये गावात जावं लागतं. चिठ्ठीत आलेल्या घराला तीन वेगवेगळ्या दिवशी भेट द्यायची आणि तरीही न भेटलेलं घर 'भेट झाली नाही' म्हणून नोंदवायचं, त्याच्या जागी दुसरं घ्यायचं नाही. समजा १२० पैकी १११ कुटुंबं भेटली, ६ शेवटपर्यंत बंद राहिली आणि तिघांनी नकार दिला. मग प्रतिसाद दर ९२.५ टक्के, आणि विश्लेषण १११ कुटुंबांचं. हा उणा आकडा लपवायची मुलांना फार घाई असते. शंभर किंवा एकशेवीस असा गोल आकडा दिसला की मला उलट शंका येते.

आता सहेतुक निवडीकडे पुन्हा येऊ, कारण तिला कमी लेखण्याचा माझा हेतू मुळीच नाही. किती मुली गळल्या हे यादृच्छिक नमुना सांगेल. शाळा सुटते तेव्हा त्या घरात काय काय घडतं, हे ऐकायला सखोल मुलाखती हव्यात आणि त्यासाठी योग्य माणसं मुद्दाम शोधावी लागतात. समजा, गेल्या दोन वर्षांत जिच्या मुलीची शाळा सुटली अशा १० आया निवडल्या: ४ जणींच्या मुली बरोबर फडावर जातात, ३ जणींच्या मुली गावात राहून लहान भावंडं सांभाळतात, ३ जणींच्या मुलींचं लग्न झालं. निकष आधी लिहिलेला आहे, त्यामागचं कारण आहे, आणि निकषात बसणाऱ्या आया कशा शोधल्या, म्हणजे सर्वेक्षणातून की शिक्षकांकडून, हेही सांगता येतं. ही चांगली सहेतुक निवड. निकष न ठरवता जवळ राहणाऱ्या, बोलायला तयार असलेल्या दहा जणी घेतल्या आणि 'सहेतुक' लिहिलं, तर ती सोयीस्कर निवड झाली.

इथे एक चूक इतकी सहज होते की चांगले विद्यार्थीही ती करतात. दहा आयांपैकी तिघींच्या मुलींची लग्नं झाली होती, म्हणून ते लिहितात, "३० टक्के मुलींची शाळा बालविवाहामुळे सुटली." तीन हा आकडा आपणच ठरवला होता. आपण पाच घेतल्या असत्या तर तो ५० टक्के झाला असता. सहेतुक नमुन्यातून टक्केवारी समग्राला लावता येत नाही, आणि त्रुटीची मर्यादाही काढता येत नाही, कारण कोणाचीच संभाव्यता माहीत नाही.

विचारपूर्वक निवडलेला नमुना समग्राचं प्रतिनिधित्व करेल ही आशा खूप जुनी आहे आणि तिची परीक्षाही एकदा मोठ्या प्रमाणावर झाली. इटलीत १९२१च्या जनगणनेचे कागद पुढच्या जनगणनेआधी हलवायचे होते आणि त्यांतला एक नमुना जपून ठेवायचा होता. कोर्रादो जिनी आणि लुइजी गाल्वानी या संख्याशास्त्रज्ञांनी २१४ पैकी २९ जिल्हे असे निवडले की सात महत्त्वाच्या बाबतींत त्यांच्या सरासऱ्या देशाच्या सरासऱ्यांशी जुळाव्यात. त्या जुळल्या. पण इतर बाबी तपासल्यावर, आणि त्याच बाबतींतला फैलाव पाहिल्यावर, नमुना देशापासून बराच दूर निघाला. जर्झी नेमान यांनी १९३४ साली लंडनमध्ये मांडलेल्या निबंधात हेच उदाहरण घेऊन स्तरीकृत यादृच्छिक निवड आणि सहेतुक निवड यांची तुलना केली, आणि त्रुटी मोजायची तर चिठ्ठीच हवी हे गणिताने दाखवलं. त्या काळात नेमान यांच्याजवळ शिकणाऱ्यांत सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पां. वा. सुखात्मे होते. १९३५ साली त्यांनी याच विषयावर निबंध लिहिला. पुढे भारतात पिकांच्या उत्पन्नाचा अंदाज शेतातल्या यादृच्छिक तुकड्यांची कापणी करून काढण्याच्या पद्धतीत त्यांचा मोठा वाटा राहिला. आपल्या भाषेतला एक माणूस या शास्त्राच्या अगदी उगमाशी बसलेला होता. मराठीत हा परिच्छेद लिहिताना मला त्याची आठवण नेहमी होते.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. 'सहेतुक यादृच्छिक' ही संज्ञा अगदीच काल्पनिक नाही. गुणात्मक संशोधनावर लिहिणारे मायकेल क्विन पॅटन यांनी तिला एक नेमका अर्थ दिला आहे. निकषात बसणारी माणसं मुलाखतींना जमतील त्याहून जास्त निघाली, तर त्यांतून चिठ्ठीने थोडी निवडायची. याने संशोधकाने आवडीची माणसं घेतली हा आक्षेप टळतो, पण नमुना लहानच राहतो आणि समग्राविषयी टक्केवारी सांगता येत नाही. कुणी खरोखर असं केलं असेल तर ही संज्ञा जरूर वापरावी, पण दोन वाक्यांत प्रक्रिया सांगून.

आता आपल्या उदाहरणाचा परिच्छेद लिहू. त्यात कर्मणी प्रयोगाची एक सवय मोडावी लागते. 'निवड करण्यात आली' या रचनेत कोणी निवडलं ते गळून पडतं, आणि इथे तर तेच सांगायचं असतं.

"या अभ्यासाचे समग्र म्हणजे निवडलेल्या तालुक्यातील, किमान ५० ऊसतोड कुटुंबे असलेल्या ६० गावांमधील अशी कुटुंबे, ज्यांतील किमान एक प्रौढ व्यक्ती मागील हंगामात ऊसतोडीस गेली होती आणि ज्यांत ११ ते १६ वर्षे वयाची किमान एक मुलगी आहे. हंगामी स्थलांतराचे मोठे प्रमाण लक्षात घेऊन बीड जिल्हा, आणि क्षेत्रकार्यातील पूर्वओळखीमुळे तालुका संशोधिकेने सहेतुक पद्धतीने निवडला. त्यानंतर दोन टप्प्यांच्या यादृच्छिक नमुना निवडीचा अवलंब केला. पहिल्या टप्प्यात ६० गावांच्या यादीतून चिठ्ठी पद्धतीने १२ गावे निवडली. दुसऱ्या टप्प्यात ग्रामपंचायतींकडील नोंदणी आणि अंगणवाडी सेविकांच्या मदतीने केलेली घरोघर पडताळणी यांवरून १,२०० पात्र कुटुंबांची नमुना सूची तयार केली व प्रत्येक गावातून १/१० या समान प्रमाणात, संगणकाने काढलेल्या यादृच्छिक क्रमांकांनुसार, एकूण १२० कुटुंबे निवडली. त्यामुळे प्रत्येक पात्र कुटुंबाची नमुन्यात येण्याची संभाव्यता १/५० होती. प्रत्येक कुटुंबास कमाल तीन भेटी दिल्या. बदली कुटुंब घेतले नाही. १११ कुटुंबांची माहिती मिळाली (प्रतिसाद दर ९२.५%). याशिवाय, सर्वेक्षणात ज्यांच्या मुलीची शाळा गेल्या दोन वर्षांत सुटल्याचे आढळले अशा मातांपैकी १० माता संशोधिकेने शाळा सुटल्यानंतरच्या परिस्थितीतील विविधता हा निकष ठेवून सहेतुक पद्धतीने सखोल मुलाखतींसाठी निवडल्या. सर्वेक्षणाचे निष्कर्ष वरील ६० गावांपुरते लागू आहेत. सखोल मुलाखतींवरून प्रमाण किंवा टक्केवारी काढलेली नाही."

शेवटून दुसऱ्या वाक्यातल्या '६० गावांपुरते' या शब्दांवर विद्यार्थी हमखास अडतात. शीर्षकात 'बीड जिल्हा' असतो आणि निष्कर्ष साठ गावांचा कसा, असं त्यांना वाटतं. जिल्हा आणि तालुका चिठ्ठीने आलेले नाहीत, म्हणून आकडे तिथवर पोचत नाहीत. पन्नासहून कमी ऊसतोड कुटुंबं असलेली गावं तर सूचीतच नव्हती. अशा वेळी मी शीर्षक बदलायला सांगतो आणि त्यात तालुक्याचं नाव घालायला लावतो.